रीसेट केलेला जुना फोन आणि गुरुजींचे विसरलेले खाते : एका प्रकरणाचा अभ्यास

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे मोबाइल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. बुधवारी येथे बाजार भरतो आणि बाजाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आदल्या बाजारात घेतलेल्या जुन्या फोनांच्या तक्रारी घेऊन माणसे येतात. पुढे मांडलेले प्रकरण अशाच एका शुक्रवारी सुरू झाले आणि बरोबर दोन आठवड्यांनी मिटले. संबंधितांची नावे आणि गावे मुद्दाम दिलेली नाहीत. ज्या दुकानातून फोन विकला गेला, त्याचेही नाव घेण्याचे कारण नाही, कारण त्या दुकानदाराकडून झालेली चूक आमच्या धंद्यात सर्रास होते.

फोन घेऊन आलेल्या ताई शेतमजूर होत्या. कापूस वेचणीच्या मजुरीतून साठवलेल्या 5,500 रुपयांत त्यांनी अकरावीत शिकणाऱ्या मुलीसाठी एक जुना अँड्रॉइड फोन घेतला होता. त्यांच्याकडे वहीच्या पानाच्या आकाराची एक कच्ची चिठ्ठी होती, तिच्यावर ‘जुना मोबाइल, 5,500, नगदी’ एवढेच लिहिलेले होते. विकताना दुकानदाराने फोन सुरू करून स्वागताची, भाषा निवडण्याची स्क्रीन दाखवली होती आणि ‘एकदम कोरा करून देल्ला आहे, घरी जाऊन नेट लावा, चालू होते’ असे सांगितले होते. मुलीने शेजाऱ्यांच्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन मांडणी सुरू केली. नेट जोडल्यावर फोन काही वेळ काहीतरी तपासत राहिला आणि मग त्याने एक पॅटर्न मागितला. ताईंनी काउंटरवर फोन ठेवत एवढेच विचारले, ‘भाऊ, हा काहून दुसऱ्याची खूण मांगून राह्यला?’

प्रश्न अगदी नेमका होता. फोन खरोखरच दुसऱ्याची खूण मागत होता.

स्क्रीनवर काय दिसत होते

पॅटर्नच्या ठिपक्यांखाली `Use my Google Account instead` असा पर्याय होता. त्यावर बोट ठेवल्यावर पुढची स्क्रीन आली, तिच्यावर हा मजकूर होता: `This device was reset. To continue, sign in with a Google Account that was previously synced on this device.` म्हणजे फोन रीसेट झालेला आहे आणि पूर्वी या फोनवर जोडलेल्या गुगल खात्याने प्रवेश केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. या संरक्षणाला फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन म्हणतात आणि ते 2015 सालच्या अँड्रॉइड 5.1 पासून आहे. फोनवर गुगल खाते जोडले आणि स्क्रीनला कुलूप लावले की ते आपोआप सुरू होते. त्यासाठी मालकाला वेगळे काही करावे लागत नाही, आणि म्हणूनच बहुतेक मालकांना ते आहे याची कल्पनाही नसते.

रीसेटने सगळे पुसले जाते, मग हे कसे उरते, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. फोनच्या साठवणीचे वेगवेगळे कप्पे असतात. रीसेट केल्यावर वापरणाऱ्याचा कप्पा, म्हणजे फोटो, ॲप, संदेश आणि खाती, पुसला जातो. मात्र शेवटच्या मालकाच्या खात्याची आणि कुलपाची खूण एका लहानशा वेगळ्या कप्प्यात राहते आणि बाहेरची बटणे दाबून केलेला रीसेट त्या कप्प्याला हात लावत नाही. हे मुद्दाम तसे केलेले आहे. चोराच्या हाती फोन पडला तर तो पहिल्यांदा आवाजाचे आणि पॉवरचे बटण एकत्र दाबून रिकव्हरीतून फोन पुसणार, हे गृहीत धरूनच ही रचना केली गेली. उलट मालकाने स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन खाते काढले आणि तिथूनच रीसेट केले, तर फोन ‘मालकाने सोडला’ असे मानतो आणि ही खूणही जाते. दोन्ही प्रकारे पुसलेला फोन स्वागताच्या स्क्रीनवर सारखाच दिसतो. फरक कळतो तो नेट जोडल्यावर. बहुतेक फोनांवर त्याआधीही एक इशारा मिळतो: कुलूप कायम असेल, तर वाय-फायचे पान वगळून ‘ऑफलाइन’ पुढे जाण्याचा पर्याय फोन देत नाही.

मात्र खाते मागणारा प्रत्येक फोन याच कुलपात अडकलेला असतो असे नाही, आणि पुढचा रस्ता कुलूप कोणते यावर ठरतो. काही कंपन्यांचे स्वतःचे खाते असते आणि त्याचे कुलूप गुगलच्या कुलपापेक्षा वेगळे असते, अशा वेळी स्क्रीनवर त्या कंपनीच्या खात्याचा उल्लेख दिसतो. दुसरा प्रकार आमच्याकडे वाढत चाललेला आहे, तो हप्त्यांवर घेतलेल्या फोनांचा. कर्ज देणारी संस्था फोनमध्ये स्वतःचे नियंत्रण बसवून देते, हप्ता थकला की फोन बंद पडतो आणि स्क्रीनवर त्या संस्थेचे नाव व थकबाकीची सूचना येते. असा फोन विकणाऱ्याला तो विकण्याचा अधिकारच नसतो, तेव्हा जुन्या मालकाचा पासवर्ड मिळूनही उपयोग होत नाही. कर्ज फिटून संस्थेने स्वतः नियंत्रण काढले तरच तो मोकळा होतो. ताईंच्या फोनवर यांपैकी काही नव्हते. शुद्ध गुगलचे कुलूप होते.

आधी फोन कोणाचा, मग कुलूप

माझा अनुभव असा की, या स्क्रीनसमोर बसलेला माणूस ‘कुलूप कसे उघडायचे’ हे विचारतो, पण पहिला प्रश्न ‘फोन कोणाचा’ हा असला पाहिजे. ताईंना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्या थोड्या नाराज झाल्या, कारण त्यांना आपल्यावर चोरीचा आळ येतो आहे असे वाटले. तो आळ येऊ नये म्हणूनच ही तपासणी करायची असते.

मांडणीच्या पानांवर तातडीच्या कॉलचा पर्याय असतो. तेथे `*#06#` टाकल्यावर या फोनने आपले दोन्ही आयएमईआय क्रमांक दाखवले, दोन सिमचा फोन असल्यामुळे दोन. आयएमईआय म्हणजे फोनची स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक, तो पंधरा आकड्यांचा असतो. मी माझ्या फोनवरून दोन्ही क्रमांकांचा एकेक संदेश या स्वरूपात 14422 या क्रमांकावर पाठवला:

```
KYM <15 अंकी IMEI>
```

हीच माहिती दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर व ॲपवरही मिळते. ते संकेतस्थळ मे 2023 मध्ये सुरू झाले. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येते, ते हातातल्या फोनशी जुळवून पाहायचे असते, कारण क्रमांक बदललेला फोन येथे पकडला जातो: हातात एका कंपनीचा फोन आणि उत्तरात दुसऱ्याच कंपनीचे नाव. क्रमांक काळ्या यादीत असेल किंवा एकच क्रमांक अनेक फोनांवर असेल, तर तेही कळते. ताईंच्या फोनचे दोन्ही क्रमांक जुळले आणि यादीत नव्हते.

या उत्तराची मर्यादाही ताईंना सांगावी लागली. फोन हरवल्यावर मालकाने पोलिसांत तक्रार देऊन तो बंद करण्याची विनंती नोंदवली असेल, तरच क्रमांक यादीत जातो. खेड्यापाड्यांत फोन हरवल्यावर नवीन सिम घेऊन मोकळे होणारे लोक कमी नाहीत. म्हणून ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘तक्रार नोंदलेली नाही’ एवढाच घ्यायचा. क्रमांक यादीत निघाला असता, तर मी फोन बाजूला ठेवून ताईंना कच्च्या चिठ्ठीसह पोलीस ठाण्यात जायला सांगितले असते. चोरीचा माल आहे हे कळल्यावर किंवा कळण्यासारखे कारण असूनही तो ठेवून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 प्रमाणे गुन्हा आहे, आणि 5,500 रुपये बुडाले म्हणून फोन तरी ठेवू, हा विचार तेथे कामाचा नाही.

त्याच दिवशी ताईंच्या दिराने एक सोपा तोडगा आणला. बाजारातला एक जण 400 रुपयांत ‘लॉक तोडून’ देत होता. मी तो नाकारला, त्यामागे तीन कारणे होती आणि तिन्ही मी त्यांच्यासमोर मांडली. पहिले, फोन खरोखर कोणाचा होता हे त्या तोडण्याने कळत नाही, फक्त तो प्रश्न दिसेनासा होतो. दुसरे, असे उघडलेले कुलूप पुढच्या रीसेटला किंवा अद्ययावत करताना परत येऊन उभे राहू शकते. 2024 सालच्या अँड्रॉइड 15 पासून तर मांडणीचे पान चुकवून कोणी आत शिरले की फोन ते ओळखतो, आणि जुन्या मालकाची खूण पटेपर्यंत नवे खाते जोडू देत नाही, ॲप टाकू देत नाही, स्क्रीनला कुलूपही लावू देत नाही. ताईंचा फोन त्यापेक्षा जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे कदाचित 400 रुपयांत उघडलाही असता. म्हणूनच तिसरे कारण मला सर्वात महत्त्वाचे वाटले. अनोळखी माणसाने अनोळखी सॉफ्टवेअर ओतलेल्या फोनवर उद्या ही मुलगी आईचे बँक खाते जोडून पैसे पाठवणार होती.

फोनचा माग

कुलूप मागे लावणारा माणूस शोधायचा म्हणजे फोन ज्या हातांतून आला ते हात उलटे मोजत जायचे. पहिला हात विकणाऱ्या दुकानदाराचा. मी ताईंबरोबर तेथे गेलो. दुकानदार आधी ‘आमची जबाबदारी नाही’ असे म्हणाला, पण फोन त्याच्याच काउंटरवर स्वागताच्या स्क्रीनवर विकला गेला होता हे त्याने नाकारले नाही. त्याला मी एवढेच म्हटले की फोन बदल्यात घेतला असेल, तर नव्या फोनच्या बिलावर गिऱ्हाइकाचे नाव असणारच. त्याने बिलबुक काढले. चार महिन्यांपूर्वी, 18 किलोमीटरवरच्या एका गावातील निवृत्त शिक्षकांनी हा फोन देऊन नवा घेतला होता, आणि जुन्याची किंमत 1,800 रुपये धरलेली होती.

येथे एक गोष्ट नोंदवतो. गुरुजींचा क्रमांक दुकानदाराने ताईंना दिला नाही, स्वतः फोन लावला. हे त्याने बरोबर केले. गिऱ्हाइकाचा क्रमांक तिसऱ्याच्या हाती देणे त्याचे काम नव्हते.

चूक कशी झाली तेही याच संभाषणात उलगडले. गुरुजींच्या फोनचे चार्जिंगचे भोक खराब झाले होते, म्हणून तो बदलला गेला. देताना फोन बंद होता, चार्जच होत नव्हता, त्यामुळे खाते काढा किंवा रीसेट करा असे कोणी म्हणण्याचा प्रश्नच आला नाही. दुकानातल्या पोराने दोन दिवसांनी भोक बदलले, फोन सुरू केला, पॅटर्न दिसला, आणि गुरुजींना विचारण्याऐवजी त्याने बटणे दाबून रिकव्हरीतून फोन पुसून टाकला. स्वागताची स्क्रीन आली, तेवढ्यावर फोन विक्रीच्या खणात गेला. नेट जोडून कोणी पाहिले नाही. दुरुस्तीच्या दुकानांत असे रोज होते, आणि मीही सुरुवातीच्या वर्षांत हे केलेले आहे.

गुरुजी भले माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला सांगितले, आणि त्या मुलाचा मला फोन आला. तो म्हणाला, फोन मुळात माझा होता, माझा मेल आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवतो, टाकून घ्या. मी नको म्हटले. पासवर्ड पाठवला की पाठोपाठ त्याच्या फोनवर येणारा ओटीपीही मागावा लागणार, आणि ‘मी दुकानातून बोलतो, ओटीपी सांगा’ ही सवय गावोगाव लागली तर तिचा फायदा कोण घेईल हे सांगायला नको. शिवाय त्या खात्याने काम होईल याची मला खात्री नव्हती. मुलाने फोन वडिलांना देताना आपले खाते काढले असेल, तर ते आता या फोनला ओळखीचे उरलेले नाही. विचारल्यावर त्याने सांगितले की, होय, काढले होते आणि बाबांचे नवे खाते गावातल्या मोबाइलवाल्याकडून बनवून घेतले होते. म्हणजे जी खूण हवी होती ती गुरुजींची होती, आणि ती तयार करणारा भलताच कोणी होता.

पॅटर्नने सुटले असते तर ही सगळी दगदग टळली असती. ज्या फोनवर खात्याऐवजी जुना पॅटर्न चालतो, तेथे मालकाने तो नुसता सांगितला तरी पुरते. ना पासवर्ड, ना ओटीपी. गुरुजी फोनवर म्हणाले, ‘इंग्रजी एल सारखा होता’. एल दोन दिशांनी काढता येतो, वरून खाली येऊन उजवीकडे, किंवा उजवीकडून डावीकडे जाऊन वर. शिवाय शेवटचा ठिपका धरायचा की नाही हा वेगळा प्रश्न. आम्ही ठिपक्यांना फोनच्या आकड्यांप्रमाणे एक ते नऊ क्रमांक दिले आणि गुरुजी आठवून सांगत गेले: एक, चार, सात, आठ, नऊ. चूक. उलट. चूक. काही प्रयत्नांनंतर फोन मध्ये थांबायला लावू लागला, तेव्हा अंदाजपंचे थांबवले. नवीन फोनवर चार महिने दुसरा पॅटर्न काढणाऱ्या बोटांना जुना आठवत नाही, यात गुरुजींचा दोष नाही.

खाते परत मिळवणे

पुढच्या बुधवारी गुरुजी बाजाराला आले, तेव्हा माझ्या दुकानात बसले. त्यांच्याजवळ स्वतःचा नवा फोन होता, आणि त्यातला मोबाइल क्रमांक तोच जुना होता. हे आमचे नशीब. क्रमांक बदलला असता तर प्रकरण येथेच अडकले असते. नव्या फोनवरचे खाते मात्र दुकानदाराने पुन्हा नवीनच बनवून दिलेले होते. जुन्या खात्याचा पत्ता गुरुजींना माहीत नव्हता. ‘मेल? तो पोराने टाकून देल्ला होता,’ हे उत्तर मी महिन्यातून चारदा ऐकतो. नवीन फोन घेणाऱ्या वयस्क माणसाच्या नावाने दुकानदार दोन मिनिटांत खाते बनवतो आणि पासवर्ड खोक्यावर पेनाने लिहून देतो. खोके घरी गेल्यावर त्याचे काय होते ते सांगण्याची गरज नाही. गुरुजींच्या घरी त्यात सुया-दोरे होते आणि लिहिलेला भाग फाटलेला होता.

गुगलच्या साइन-इन पानावर `Forgot email?` असा पर्याय असतो. तो खाते बनवताना दिलेला मोबाइल क्रमांक आणि नाव-आडनाव विचारतो, आणि क्रमांकावर संदेशाने आलेला कोड भरल्यावर त्या क्रमांकाशी जोडलेल्या खात्यांचे पत्ते दाखवतो. अट अशी की, नाव खाते बनवताना जसे लिहिले होते तसेच भरले पाहिजे. आम्ही गुरुजींचे पूर्ण नाव आणि आडनाव भरले, खाते सापडले नाही. वडिलांचे नाव घालून भरले, तरी नाही. मग गुरुजींना आठवले की खाते बनवणारा मोबाइलवाला पोरगा त्यांना गावात ज्या नावाने हाक मारतात तेच विचारून गेला होता. ‘गुरुजी’ हे नाव आणि आडनाव खरे, असे भरल्यावर खाते सापडले. सगळे हसले. हसण्यासारखेच होते, पण अशा लहान गोष्टीपायी खाती कायमची हरवतात.

पत्ता मिळाला, पासवर्ड नव्हता. `Forgot password?` ने गुरुजींच्या क्रमांकावर पुन्हा कोड आला, तो त्यांनी स्वतः भरला, नवा पासवर्ड ठरवला आणि आपल्या डायरीत लिहून ठेवला. तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. मी लगेच ताईंच्या फोनवर ते खाते टाकायला सांगितले, आणि फोनने ते नाकारले.

ही माझी चूक. गुगल खात्याचा पासवर्ड बदलल्यानंतर 24 तास ते खाते रीसेट झालेल्या फोनची मांडणी करायला चालत नाही, हा नियम मला माहीत होता आणि गडबडीत सुचला नाही. पूर्वी ही मुदत 72 तासांची होती. नियमामागचे कारण सरळ आहे: ज्याने फोनही चोरला आणि सिमही, तो कोड मिळवून पासवर्ड बदलेल आणि लगेच फोन उघडेल, त्यामुळे खऱ्या मालकाला सावध व्हायला एक दिवस दिलेला असतो. त्या वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याने किंवा आणखी एकदा पासवर्ड बदलण्याने काही साधत नाही, उलट पासवर्ड बदलला की मुदत नव्याने मोजली जाते. आम्ही फोन बंद करून माझ्या कपाटात ठेवला. गुरुजींनी पासवर्ड माझ्याकडे ठेवण्याची तयारी दाखवली, ती मी घेतली नाही. त्यांना शुक्रवारी पेन्शनच्या कामासाठी बँकेत यायचेच होते.

शुक्रवारी अकरा वाजता गुरुजींनी चष्मा वर सारून आपल्या बोटाने पत्ता आणि पासवर्ड टाकला आणि फोन पुढे सरकला. येथे बहुतेक जण थांबतात, आणि तीच पुढची अडचण ठरते, कारण आता फोनवर गुरुजींचे खाते पुन्हा बसलेले असते. मांडणीच्या मधल्या पानावर जुन्या साठवणीतून सगळे परत आणायचे का असे फोन विचारतो, तेथे ‘नको’ म्हणायचे, नाहीतर गुरुजींचे संपर्क ताईंच्या मुलीच्या फोनवर उतरतात. होम स्क्रीन आल्यावर सेटिंग्जमधील पासवर्ड आणि खाती या भागात जाऊन गुरुजींचे खाते काढले, मग सेटिंग्जमधूनच सिस्टीम, रीसेटचे पर्याय, आणि सर्व डेटा पुसणे अशा क्रमाने फोन पुन्हा कोरा केला. बटणांनी नाही. कंपनीप्रमाणे या पानांची नावे थोडी बदलतात. या दुसऱ्या वेळी मांडणी सुरू केल्यावर वाय-फायचे पान वगळण्याचा पर्याय दिसला, तेव्हाच कुलूप गेल्याचे माझ्या लक्षात आले. तरीही नेट जोडून, ताईंच्या मुलीचे खाते टाकून, होम स्क्रीनवर पोचल्याशिवाय मी फोन त्यांच्या हाती दिला नाही. मुलीने पत्ता आणि पासवर्ड स्वतःच ठरवले आणि स्वतःच्या वहीत लिहिले, खोक्यावर नाही.

आयफोनच्या बाबतीत ही पायपीट बरीच कमी झाली असती. तेथे मालक पुण्यात बसून iCloud.com वर जाऊन आपल्या खात्यातून फोन काढू शकतो आणि कुलूप दूरवरून जाते. अँड्रॉइडवर खात्याच्या उपकरणांच्या यादीतून फोन काढला म्हणजे कुलूप सुटले, असे मानून चालू नये. येथे मालक प्रत्यक्ष फोनजवळ असणे हाच भरवशाचा रस्ता आहे.

गुरुजी सापडले नसते तर

हे प्रकरण सरळ सुटले, कारण बिलबुकात नाव होते, गुरुजींचा क्रमांक तोच होता आणि ते यायला तयार होते. यातले एकही नसते तर दोन मार्ग उरले असते, आणि दोन्हींना कागद लागतो.

एक कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचा. काही कंपन्या मूळ खरेदीचे बिल आणि त्यावरील आयएमईआय फोनशी जुळत असेल, तर ओळखपत्र पाहून कुलूप काढून देतात. नेमके नियम कंपनीगणिक वेगळे असल्यामुळे जाण्याआधी फोन करून विचारणे बरे. ताईंची कच्ची चिठ्ठी तेथे कामाची नव्हती, कारण तिच्यावर फोनचे नावही नव्हते, क्रमांक तर दूरच. मूळ बिल गुरुजींच्या मुलाकडे होते, आणि तो रस्ता मी राखून ठेवला होता.

दुसरा मार्ग पैसे परत मागण्याचा. वापरताच येत नाही असा फोन दुकानदाराने विकला, तर ताईंची तक्रार ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे दुकानदाराविरुद्ध उभी राहते, जुना फोन म्हणून तिला बाधा येत नाही. आधी दुकानदाराला लेखी कळवून ठेवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तेथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगात शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. एखाद्या व्यक्तीने बाजारात हातोहात विकलेल्या फोनला मात्र हा कायदा लागत नाही, कारण तो विक्रेता व्यापारी नसतो. दुकानदाराला मी हे सांगितले तेव्हाच तो पैसे परत करायला तयार झाला होता. पैसे नकोत, फोनच चालू करून हवा, हे ताईंनी ठरवले, कारण 5,500 रुपयांत तेवढा चांगला फोन पुन्हा मिळाला नसता.

शेवटी एक नवा कागद झाला. पुढच्या शुक्रवारी ताई हिशोब करायला आल्या तेव्हा दुकानदाराने पक्के बिल दिले, त्यावर मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत, तारीख आणि ‘जुन्या मालकाचे खाते काढलेले आहे, ग्राहकासमोर होम स्क्रीनपर्यंत फोन सुरू करून दाखवला’ अशी ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली. गुरुजींच्या दोन फेऱ्यांचे एसटीचे भाडे त्यानेच दिले. मी 100 रुपये घेतले.

त्या दिवशी दुकानातून निघताना त्याने खण उघडून दाखवला. स्वागताच्या स्क्रीनवर थांबलेले आणखी दोन फोन तेथे होते. नेट जोडून पाहिले, दोन्हींनी पॅटर्न मागितला. एकाचा मालक बिलबुकात सापडला. दुसऱ्याच्या पानावर फक्त ‘पाटील, बाजार’ एवढेच लिहिलेले आहे, आणि तो फोन अजून विकलेला नाही.